बातमीदाराचं नातं आणि संपादकीय टीप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा आवृत्त्यांचे डेस्क, तालुका वार्ताहर आणि छोटी पोर्टल चालवणारे संपादक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. सहकारी साखर कारखान्याने उसाची बिलं थकवली, त्यावर तीन भागांची वृत्तमाला करायची आहे आणि बातमीदाराचे वडील त्याच कारखान्याचे ऊस उत्पादक सभासद आहेत. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातले नियम आणि अडचणी खऱ्या आहेत.

१. संपादकीय टीप म्हणजे नेमकं काय? शुद्धिपत्र किंवा खुलासा छापतो त्यापेक्षा ती वेगळी कशी?

शुद्धिपत्र छापून आलेली चूक दुरुस्त करतं. खुलासा बहुतेक वेळा बातमीत ज्याचं नाव आलं त्याच्याकडून येतो आणि आपण तो छापतो. संपादकीय टीप मात्र कोणी मागितलेली नसताना संपादक विभाग स्वतःहून देतो. बातमीदाराचा कोणाशी काय संबंध आहे, तो आम्हाला कधी कळला आणि त्यामुळे या बातमीचं काम आम्ही कसं वेगळ्या पद्धतीने केलं, एवढं तिने सांगायला हवं. तिसरा भाग गळला की वाचकाच्या हाती नुसती कबुली उरते आणि तिचं काय करायचं ते त्याला कळत नाही.

टीप संपादकांच्या नावाने जाते, बातमीदाराच्या नाही. त्यामुळे ‘माझे वडील’ असं न लिहिता ‘बातमीदाराचे वडील’ असं लिहावं. खबरदारी घेतल्याची जबाबदारी संपादकाची आहे, तेव्हा ती घेतली असं सांगणाराही तोच हवा.

२. आमच्या तालुक्यात सगळेच एकमेकांचे पाहुणे. मग प्रत्येक बातमीला टीप द्यायची का?

नाही. आडनाव एक असणं, भावकी एक असणं, एका गावचं असणं यावर टीप देत बसलो तर तिला काही किंमत राहणार नाही. आधी एक गोष्ट विचारा : या बातमीमुळे काही घडलं, तर बातमीदाराच्या घरात त्याने फरक पडेल का? पैसा, पद, नोकरी, जमीन, कोर्टातला दावा यांपैकी काही हलणार असेल तर टीप हवी.

आई-वडील, नवरा-बायको, मुलं, सख्खी भावंडं आणि सासू-सासरे यांचा बातमीशी थेट संबंध असेल तर फार विचार करू नका, सांगून टाका. चुलते, मामा, साडू, व्याही यांच्या बाबतीत नात्याच्या नावापेक्षा व्यवहार पाहा. पुण्याला राहणाऱ्या सख्ख्या भावापेक्षा ज्याच्यासोबत सातबारा सामाईक आहे तो चुलता जास्त जवळचा असतो.

वैरही संबंधच आहे, आणि डेस्कवर हे हमखास सुटतं. सरपंचाशी बातमीदाराच्या घराचा बांधावरून दावा चालू असेल, तर त्या सरपंचाविरुद्धच्या बातमीला टीप लागते. उलट बातमीदार महावितरणचा ग्राहक आहे म्हणून वीजदराच्या बातमीला ती लागत नाही, कारण तो हितसंबंध प्रत्येक वाचकाचाही आहे. पतसंस्था बुडाल्याच्या बातमीत मात्र बातमीदाराची तिथे ठेव असेल तर ते सांगायलाच हवं.

३. असं जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे का?

नातेसंबंध जाहीर करायला लावणारा वेगळा कायदा नाही. प्रेस कौन्सिलने पत्रकारितेच्या आचरणाचे निकष घालून दिले आहेत, पण १९७८च्या प्रेस कौन्सिल कायद्यानुसार कौन्सिल समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते. दंड करू शकत नाही. म्हणून ही गोष्ट तुमच्या न्यूजरूमच्या लेखी नियमातच असायला हवी. अर्धं पान पुरतं : कोणते संबंध कळवायचे, कोणाला कळवायचे, किती वेळात, आणि निर्णय कोण घेणार.

४. टीप लिहायला बसण्याआधी न्यूजरूममध्ये काय व्हायला हवं?

खरं काम इथेच असतं. आधी काही केलंच नसेल तर टिपेत लिहायला काही उरत नाही, आणि मग प्रश्न ६ मध्ये सांगितलेली पोकळ वाक्यं येतात.

बातमीदाराने संबंध तोंडी न सांगता वृत्तसंपादकाला मेलवर किंवा मेसेजवर कळवावा, म्हणजे तारीख राहते. वृत्तसंपादकाने त्याच दिवशी ठरवावं की बातमीदार पूर्ण काम करणार, काही भागच करणार की अजिबात नाही. हा निर्णयही लेखी असू द्या. पुढे टीप लिहिताना याच दोन नोंदी समोर ठेवायच्या असतात.

मग बातमीत बातमीदाराच्या मर्जीवर काय काय अवलंबून आहे ते शोधा. पक्षपात खोट्या वाक्यातून क्वचित येतो. तो निवडीतून येतो : कोणाला फोन केला, कोणता आकडा घेतला, कोणाची बाजू दुसऱ्या परिच्छेदात आणि कोणाची शेवटी.

कारखान्याच्या बातमीत हे अगदी स्पष्ट दिसतं. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावा लागतो आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज लागतं. आता ‘थकबाकी किती’ या साध्या प्रश्नाची निदान तीन उत्तरं निघतात : तोडणी-वाहतूक वजा करण्याआधीची रक्कम, ती वजा केल्यानंतर शेतकऱ्याच्या हाती पडायची रक्कम, आणि हातात पडायच्या रकमेवर व्याज धरून होणारी रक्कम. तिन्ही खरी आहेत. ज्या घरात बिल यायचं आहे, तिथल्या माणसाला व्याजासहितचा आकडा आपसूक बरोबर वाटतो. ज्याचा मामा संचालक आहे त्याला साखरेचे पडलेले दर आणि बँकेने अडवलेली उचल आधी आठवते. दोघेही प्रामाणिक असू शकतात.

म्हणून आकडा कोणता घ्यायचा हे बातमीदाराने ठरवू नये. संबंध नसलेल्या सहकाऱ्याने साखर आयुक्तालयाच्या एफआरपी अहवालावरून तो घ्यावा आणि तो कसा मोजला हे बातमीत एका वाक्यात लिहावं. अध्यक्ष आणि कार्यकारी संचालक यांना प्रश्न पाठवणं आणि त्यांची बाजू उतरवून घेणं हेही त्याच सहकाऱ्याकडे द्यावं. शेतकऱ्यांच्या मुलाखती बातमीदार करू शकते, कारण तिथली तिची ओळख आणि समज कामाची आहे. पण वडिलांची बिलाची पावती पुरावा म्हणून वापरायची नाही. वेगवेगळ्या गटांतल्या चार-पाच सभासदांच्या पावत्या सहकाऱ्याने पाहाव्यात. शीर्षक आणि फोटो डेस्क ठरवेल.

५. टिपेचा नमुना दाखवाल का? शब्दशः हवा.

प्रश्न ४ मधली सगळी कामं झाली आहेत असं धरून :

> संपादकीय टीप : या वृत्तमालेच्या बातमीदाराचे वडील संबंधित कारखान्याचे ऊस उत्पादक सभासद असून त्यांचे यंदाच्या हंगामाचे ऊसबिल थकलेले आहे. बातमीदाराने काम सुरू करण्यापूर्वी ही माहिती वृत्तसंपादकांना लेखी दिली. थकबाकीचा आकडा आणि सभासदांच्या बिलांच्या पावत्या या कारखान्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या सहकाऱ्याने तपासल्या. कारखान्याच्या पदाधिकाऱ्यांची बाजूही त्याच सहकाऱ्याने घेतली. बातमीदाराच्या कुटुंबातील कोणाचीही माहिती या मालिकेत वापरलेली नाही. शीर्षके व अंतिम मजकूर वृत्तसंपादकांनी निश्चित केला.

पहिल्या वाक्यात ‘सभासद’ एवढंच लिहून थांबलो असतो तर ते अर्धसत्य ठरलं असतं. सभासद हजारो असतात; बिल थकलेलं असणं हा खरा हितसंबंध आहे. रक्कम मात्र दिलेली नाही. ६२ टन ऊस गेला असेल आणि दर टनाला २,९०० रुपये धरला तर बिल १,७९,८०० रुपये होतं. हा आकडा छापल्याने वाचकाला संबंधाबद्दल नवीन काही कळत नाही आणि वडिलांचा व्यवहार मात्र चव्हाट्यावर येतो. घरची रक्कम इतर सभासदांच्या मानाने फारच मोठी असेल, तर तेवढं शब्दांत सांगावं.

‘कुटुंबातील कोणाचीही माहिती वापरलेली नाही’ हे वाक्य खरं असेल तरच लिहा. बऱ्याचदा विषय सुचतो तोच घरच्या जेवणावरच्या बोलण्यातून. तसं असेल तर त्या जागी असं लिहावं : ‘बिले थकल्याची पहिली माहिती बातमीदाराला कुटुंबातून मिळाली, मालिकेतील सर्व तपशील इतर सभासद व शासकीय नोंदींवरून स्वतंत्रपणे घेतले आहेत.’ यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हे लपवलं आणि नंतर कोणी बाहेर काढलं, तर मात्र सगळी मालिका संशयात जाते.

६. ‘तरीही बातमी पूर्णपणे निष्पक्षपणे लिहिली आहे’ असं शेवटी जोडलं तर काय बिघडतं?

ते वाक्य तपासता येत नाही. ‘पावत्या दुसऱ्या सहकाऱ्याने तपासल्या’ हे खरं की खोटं ते ठरवता येतं. ‘निष्पक्षपणे’ हा आपण आपल्याला दिलेला दाखला आहे. ‘वैयक्तिक संबंध’, ‘आवश्यक ती काळजी’, ‘सर्व निकष पाळून’ हे शब्दही त्याच जातीचे. मसुद्यात ते दिसले की त्यांच्या जागी कोणी, काय, कधी केलं ते लिहा. लिहिता येत नसेल तर ती काळजी घेतलीच गेली नव्हती असं समजून पुन्हा प्रश्न ४ कडे जा.

संबंध सांगितला म्हणजे काम झालं, असं वाटणंही धोक्याचं आहे. डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि डॉन मूर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे नेमका लागू पडतो. बरणीतल्या नाण्यांची किंमत ओळखायची होती. सल्लागाराला बरणी जवळून बघायला मिळत होती, पण समोरच्याने किंमत जास्त सांगितली की फायदा सल्लागाराचा. हा हितसंबंध उघड केल्यावर सल्लागारांनी आणखीच फुगवून आकडे सांगितले आणि ऐकणाऱ्यांनी ते पुरेसे कमी करून घेतले नाहीत. सांगून टाकल्याने मन मोकळं होतं आणि हात सैल सुटतो. टिपेमागचं काम आधी आणि शब्द नंतर, असा आग्रह धरायचा तो यासाठी.

याची उलटी बाजूही डेस्कने ओळखायला हवी. आपण पक्षपाती ठरू नये म्हणून काही बातमीदार आपल्याच माणसांवर जास्त कडक होतात. शेतकऱ्यांच्या तक्रारीला ‘कथित’ आणि कारखान्याच्या दाव्याला ‘स्पष्ट केले’ अशी क्रियापदं आली, की समजावं काटा पलीकडे झुकलाय. संबंध नसलेल्या उपसंपादकाने फक्त क्रियापदं आणि विशेषणं बघत कॉपी एकदा वाचली, तर हे दहा मिनिटांत सापडतं.

७. टीप किती मोठी आणि कुठे द्यायची?

छापील अंकात ४० ते ७० शब्द पुरतात. ती बातमीच्याच पानावर, बातमीला लागून हवी. आतल्या पानावरच्या चौकटीत दिली तर कात्रण कापणाऱ्याला मिळणार नाही. मालिकेच्या प्रत्येक भागाला टीप द्या. पहिल्या भागात पूर्ण, पुढच्या भागांत दोन ओळींची आणि पूर्ण टीप कोणत्या तारखेच्या अंकात आहे त्याचा उल्लेख.

वेबवर ती मजकुराच्या वर द्यावी. संबंध थेट पैशाचा किंवा सख्ख्या नात्याचा असताना टीप शेवटी टाकली, तर वाचक पूर्ण बातमी एका समजुतीने वाचतो आणि शेवटी फसवल्यासारखं वाटून घेतो. दूरचा, जुना संबंध असेल तर शेवटी चालेल. व्हिडिओत ती निवेदकाने सुरुवातीला बोलून सांगावी, वर्णनाच्या खोक्यात टाकून मोकळं होऊ नये. सगळ्यात जास्त हरवते ती व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ग्राफिक कार्डावर. तिथे एक ओळ बसते : ‘बातमीदाराचे वडील या कारखान्याचे सभासद, सविस्तर टीप बातमीत.’

८. नातेवाईकाचं नाव छापायचं का? त्याची परवानगी लागते का?

नाव बहुधा लागत नाही, नातं आणि हितसंबंध पुरतात. वडील सामान्य सभासद असतील तर ‘बातमीदाराचे वडील’ एवढं बास. तेच वडील कारखान्याचे संचालक असतील तर त्यांचं पद सार्वजनिक आहे आणि नाव बातमीत येणारच. मग टिपेत नाव टाळणं म्हणजे लपवाछपवी दिसते.

परवानगी मागायची गरज नाही, पण छापण्याआधी कल्पना द्यायलाच हवी. टीप गावात वाचली जाणार आहे, बिल अडकलेल्या माणसाला कारखान्याच्या गेटवर उद्या उभं राहायचं आहे. नातेवाईक तीव्र विरोध करत असेल तर टीप गाळू नये, बातमीदार बदलावा.

९. संबंध उघड केला तर पीडितेची ओळख पटेल, अशा वेळी काय करायचं?

इथे टीप देऊ नये. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सोचं कलम २३ लागतं. त्यात नुसतं नावच येतं असं नाही. बायलाइनवर बातमीदाराचं नाव आणि खाली ‘पीडिता बातमीदाराची भाची आहे’ ही ओळ आली की गावाला ओळख कळलीच.

मग उपाय एकच : त्या बातमीदाराला पूर्ण बाजूला ठेवायचं. पडताळणी नाही, पाठपुरावा नाही, मसुद्यावर सूचनाही नाही. बायलाइन काढून ‘प्रतिनिधी’ लावायचं आणि काम मात्र त्याच्याकडूनच करून घ्यायचं, ही पळवाट चालणार नाही; त्याने संबंध उघड होत नाही हे खरं, पण पक्षपातही जागेवरच राहतो.

१०. बातमीदाराला केव्हा बाजूला करायचं आणि टिपेवर केव्हा भागवायचं?

जिथे बातमीचं मुख्य पात्रच जवळचं माणूस आहे, तिथे टीप पुरत नाही. वडील सभासद असताना मालिका करता येते. वडील अध्यक्ष असतील, किंवा भाऊ कारखान्याविरुद्धच्या दाव्यात अर्जदार असेल, तर नाही. एक सोपी खूण आहे : पडताळणी, समोरच्याची बाजू, आकडे आणि शीर्षक ही सगळी कामं दुसऱ्याकडे दिल्यावर बातमीदाराकडे काही उरत नसेल, तर बायलाइनही दुसऱ्याचीच असायला हवी.

बाजूला झालेला बातमीदार सहकाऱ्याला संपर्क क्रमांक किंवा कागदपत्रं देऊ शकतो. तसं झालं तर तेही एका ओळीत सांगावं.

११. तालुक्याला आमचा एकच वार्ताहर आहे, आणि कारखान्याची जाहिरातही तोच आणतो. मग?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि आमच्या मते नात्यापेक्षा हा संबंध जास्त गंभीर आहे. जाहिरातीवर कमिशन मिळत असेल तर त्याचं स्वतःचं उत्पन्न कारखान्याच्या मर्जीवर अवलंबून आहे. दिवाळी अंकाची पानभर जाहिरात गेली तर त्याचे काही महिने अडचणीत जातात. दोष त्याचा एकट्याचा नाही, अशी रचना वृत्तपत्राने केली आहे. म्हणून टिपेत खापर त्याच्यावर फुटेल अशी भाषा नको.

शेजारच्या तालुक्याचा वार्ताहर किंवा जिल्हा कार्यालयातला बातमीदार पाठवा. तेही शक्य नसेल तर कारखान्याशी सगळा संपर्क डेस्कवरून फोनने करा आणि लिहा : ‘या बातमीसाठी स्थानिक माहिती देणारे आमचे वार्ताहर जाहिरात संकलनाचेही काम करतात, संबंधित कारखाना आमचा जाहिरातदार आहे. कारखान्याशी संपर्क, पडताळणी व लेखन जिल्हा कार्यालयातून करण्यात आले.’ हे छापताना व्यवस्थापन कुरकुर करेल. तरीही गावात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट फक्त आपल्या अंकात नसणं जास्त महाग पडतं.

१२. मालकाचाच संबंध असेल तर हीच टीप वापरायची का?

नाही, ती वेगळी आणि ठरावीक मजकुराची असते. अदानी समूहावरच्या बातम्यांखाली, आपण त्या समूहातली कंपनी असल्याचं एनडीटीव्ही सांगते, ती या प्रकारातली. तिथे काम कसं वाटलं वगैरे नसतं. मालकाची ठरावीक ओळ आणि बातमीदाराची टीप दोन्ही लागू असतील तर दोन्ही वेगवेगळ्या द्या, एकत्र कालवू नका.

१३. बातमी छापून गेली आणि मग संबंध कळला. आता काय?

आधी बातमीदाराला विचारा की हे त्याला माहीत होतं का. समजा दुसरा भाग आल्यावर कळलं की बातमीदाराचा मेहुणा कारखान्याच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलचा उमेदवार आहे. तिसरा भाग थांबवा. संबंध नसलेल्या माणसाकडून आधीचे दोन भाग तपासून घ्या : कोणाकोणाशी बोललं गेलं, त्यातले पॅनेलचे किती, आकडे बरोबर आहेत का, कोणाची बाजू राहिली. मग टीप द्या. तिच्यात दोन्ही तारखा हव्यात, बातमीची आणि टीप जोडल्याची :

> संपादकीय टीप (टीप जोडल्याची तारीख) : ही बातमी अमुक तारखेला प्रसिद्ध झाल्यानंतर आमच्या लक्षात आले की बातमीदाराचे मेहुणे कारखान्याच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलचे उमेदवार आहेत. ही माहिती बातमीसोबत द्यायला हवी होती. दोन्ही भागांची फेरतपासणी केली असता आकडे बरोबर आढळले. मात्र उद्धृत केलेल्या पाच सभासदांपैकी तिघे त्याच पॅनेलशी संबंधित असल्याचे दिसून आले. तशी नोंद बातमीत केली आहे. मालिकेचा पुढील भाग दुसरे बातमीदार करतील.

फेरतपासणीत जे सापडलं ते लिहायचं, अडचणीचं असलं तरी. वेबवरची बातमी गुपचूप बदलायची नाही. छापील अंकात टीप मूळ बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर यावी. बातमीदाराने जाणूनबुजून लपवलं असेल तर ती कारवाई कार्यालयात होईल. टिपेत ‘बातमीदाराने ही माहिती संपादकांना दिली नव्हती’ एवढंच वाक्य पुरे.

१४. टीप दिली की समोरचा तिचाच आधार घेऊन बातमी उडवून लावतो. मग कशाला द्यायची?

असं होतं. अध्यक्ष पत्रकार परिषदेत टीप वाचून दाखवतात आणि ‘घरचं बिल अडकलंय म्हणून बातमी केली’ म्हणतात. त्यावर बातमीदाराने उत्तर देऊ नये, संपादकाने द्यावं, आणि संबंधाची पुन्हा सफाई देत न बसता सरळ विचारावं : आकडा आयुक्तालयाच्या अहवालातला आहे, तो चुकीचा आहे का? पावत्या चार-पाच वेगळ्या सभासदांच्या आहेत, त्या खोट्या आहेत का? अध्यक्षांचा आरोप बातमीत घ्या आणि त्याखाली टीप तशीच ठेवा.

१५. बिलं मिळाली, विषय संपला. वेबवरची टीप आता काढू का?

काढू नका. बातमी जोपर्यंत शोधात सापडते तोपर्यंत टीप तिच्यासोबत राहते. परिस्थिती बदलली तर मूळ मजकुराला हात न लावता खाली तारखेसह एक ओळ जोडा : ‘बातमीदाराच्या वडिलांचे बिल अमुक तारखेला जमा झाले.’